महावीर जयंतीचा नफा

आमच्या वन्सं शहापुरात राहतात. भाऊजी जाऊन सहा वर्षं झाली. किराणा दुकान दिराच्या मुलाकडे गेलं, त्याच्या वाट्याचे पैसे बँकेत आहेत, आणि व्याजावर त्यांचं चाललंय. २०२४ च्या उन्हाळ्यात एक दिवस दुपारच्या वेळी त्या रिक्षा करून आमच्याकडे आल्या. हातात प्लास्टिकच्या पाकिटात एक फाईल होती. चहा घेईपर्यंत काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "वैनी, तू शिकलेली आहेस. हे एवढं बघ की."

फाईल चांगल्या गुळगुळीत कागदावर छापलेली होती. शेअर बाजारात आपोआप खरेदी-विक्री करणारा 'बॉट', म्हणजे संगणकातला एक कार्यक्रम. माणसानं काही करायचं नाही, तोच घेतो, तोच विकतो. दरमहा पाच टक्के हमखास. लायसन्सचे साठ हजार एकदाच भरायचे आणि वर निदान तीन लाख गुंतवायचे. साठ हजार वन्संनी आधीच दिले होते. हे त्यांनी खाली बघत सांगितलं. आता तीन लाखांसाठी ठेव मोडायची होती.

आणणारा मुलगा परका नव्हता. बस्तीत रोज दिसणाऱ्या घरातला, वन्संना काकू म्हणणारा, आजारपणात औषधं आणून देणारा. म्हणून तर शंका घेणं अवघड होतं. शंका कागदावर घेतली तरी ती त्याच्या आईपर्यंत पोचते.

पाच टक्के ऐकायला फार मोठे वाटत नाहीत. दुधाच्या हिशेबाच्या वहीत मी मांडून पाहिलं. नफा तसाच आत ठेवत गेलं तर एका लाखाचे वर्षानं एक लाख ऐंशी हजारांच्या आसपास होतात. पाच वर्षांनी अठरा लाखांवर आणि दहा वर्षांनी जवळजवळ साडेतीन कोटी! ज्याच्याकडे असं यंत्र आहे तो साठ हजारांना ते विकत दारोदार का फिरेल? वन्सं म्हणाल्या, "तेच मी विचारलं गं. तो म्हणाला, पुरावा बघा."

पुरावा म्हणजे 'बॅक-टेस्ट'. हा शब्द मला तेव्हाच कळला. एखादा नियम घ्यायचा, मागच्या काही वर्षांचे भाव घ्यायचे, आणि तेव्हा हा नियम लावला असता तर काय झालं असतं ते संगणकाकडून काढायचं. गोष्ट मुळात खोटी नाही. अभ्यासू माणसं हे करतातच. फाईलमध्ये २०२१ ते २०२३ चे सौदे ओळीनं दिले होते : तारीख, खरेदीचा भाव, विक्रीचा भाव, नफा. शेवटी एक आलेख, जिन्यासारखा वर चढत गेलेला.

मला आलेखातलं काही कळत नाही. पण तारखा वाचता येतात. पानं उलटताना ४ एप्रिल २०२३, मंगळवार, या ओळीवर बोट थांबलं. त्या दिवशी महावीर जयंती होती. आम्ही सगळे मिरवणुकीत होतो, वन्संच्या पायाला उन्हाचे चटके बसले होते म्हणून ते वर्ष लक्षात. आणि त्या दिवशी शेअर बाजाराला सुट्टी असते. बंद बाजारात या बॉटनं सकाळी घेतलं होतं आणि दुपारी नफ्यात विकलं होतं.

वन्संनी लगेच त्या मुलाला फोन लावला. तो म्हणाला, "टायपिंगची चूक असंल काकू. वर विचारतो."

रात्री पुण्याला लेकीला सगळी पानं फोटो काढून पाठवली. ती संगणकातच काम करते. बाजाराच्या अधिकृत साइटवर रोजचा सुरुवातीचा, सर्वांत वरचा, सर्वांत खालचा आणि बंद होतानाचा भाव मिळतो. तिनं त्यातले पंचवीस दिवस काढून फाईलशी ताडून बघितले. म्हणाली, "आई, हा बॉट बहुतेक दिवशी त्या दिवसाच्या तळाशी घेतो आणि माथ्यावर विकतो. तळ कुठला ते बाजार बंद झाल्याशिवाय कुणालाच कळत नाही." मी म्हटलं, म्हणजे कलिंगड कापून लाल निघालं की मग बाजारात जाऊन तेच निवडून आणल्यासारखं. "तसंच. संध्याकाळची माहिती सकाळच्या सौद्यात वापरलीय. किंवा सौदे झालेच नाहीत, भाव बघून नुसती ओळ लिहिलीय."

मग तिनं आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला जास्त धोक्याची वाटली, कारण तिच्यात खोटे आकडे लागतच नाहीत. सरासरी भावावर चालणारा एक साधा नियम तिनं घेतला. जवळची सरासरी किती दिवसांची आणि लांबची किती दिवसांची, हे दोन आकडे बदलत हजारो जोड्या संगणकाला करून बघायला लावल्या. त्या तीन वर्षांत काही जोड्या सोन्यासारख्या निघाल्या. सगळ्यांत चांगली तेवढी छापली की झाली फाईल तयार. तीच जोडी तिनं पुढच्या महिन्यांच्या भावांवर लावली तर तोटा. हजार मुलांना नाणं उडवायला लावलं तर एखाद्याला ओळीनं दहा वेळा छापा पडण्याची शक्यता बरीच असते. त्या पोराला काही विद्या येते असं नाही. म्हणून विचारायचं ते हे, की नियम ठरल्यानंतरच्या दिवसांत त्यानं काय केलं, आणि ते ब्रोकरच्या खऱ्या कॉन्ट्रॅक्ट नोटमध्ये दाखवा. या फाईलमध्ये दलाली आणि करही कुठे वजा केलेले नव्हते. रोज घेणाऱ्या-विकणाऱ्याचा नफा बराचसा तिथंच झिजतो.

'सेबी नोंदणी' म्हणून एक क्रमांक मुखपृष्ठावर होता. तो U अक्षरानं सुरू होत होता. लेकीनं सांगितलं की तो कंपनी स्थापन केल्याचा क्रमांक आहे. सेबीकडे नोंदलेल्या ब्रोकरचा INZ नं सुरू होतो, सल्लागाराचा INA नं. आणि अशा बॉटची सेवा देणाऱ्या ब्रोकरनं मागचा किंवा पुढचा परतावा सांगूच नये, असं सेबीनं २ सप्टेंबर २०२२ च्या परिपत्रकात बजावलंय. इथं तर मुखपृष्ठच परताव्याचं होतं. तीन लाखही वन्संच्या स्वतःच्या डीमॅट खात्यात राहणार नव्हते, त्यांच्या खात्यात भरायचे होते.

हे सगळं मी वन्संना सांगायला गेले तेव्हा माझा आवाज जरा चढला असावा. त्या म्हणाल्या, "तुमच्या घरात दोन पगार हैत. मला महिन्याला पंधरा हजार सुटले असते तर कुणापुढं हात करायला लागला नसता." पाच टक्क्यांचे पंधरा हजार. हिशेब त्यांनीही केला होता, माझ्या आधी. मी गप्प बसले.

चार दिवसांनी तो मुलगा नवीन फाईल घेऊन आला, तेव्हा मी तिथंच होते. "वरच्यांनी दुरुस्त करून पाठवलीय काकू," म्हणाला. खरंच, ४ एप्रिलची ओळ गेली होती. तो निर्धास्त होता. त्याचा स्वतःचा विश्वास होता, हे त्याच्या चेहऱ्यावरून मला स्पष्ट दिसलं. त्यानं वडिलांच्या निवृत्तीचे पैसे त्यात घातले होते, हे नंतर कळलं.

वन्संनी चष्मा लावला. त्यांनी पस्तीस वर्षं दुकानाची वही सांभाळलीय. कॅलक्युलेटरला हात न लावता त्यांनी पेन्सिलीनं एप्रिलच्या नफ्याची बेरीज केली, मग जुन्या फाईलमधली बेरीज शेजारी ठेवली आणि पेन्सिल त्याच्याकडे सरकवली.

"ओळ काढलास रे. बेरीज तेवढीच राहिली की."

त्यानं दोन्ही कागद उचलून बराच वेळ बघितले. मग विचारलं, "काकू, पेन्सिल जरा देता? मार्चचंही बघतो."