रजेचा अर्ज

मी महाविद्यालयात मराठी शिकवतो, तेही तासिका तत्त्वावर. म्हणजे तास झाला तर पैसे, आणि सुट्टी लागली की चूल थंड! म्हणून रात्री मोबाईलवरून मोठ्या माणसांना इंग्रजी बोलायला शिकवतो. मराठीच्या मास्तराने इंग्रजी शिकवावे, याचे लोकांना हसू येते. पण आपली माणसे इंग्रजी बोलतात ती मराठीच्या चालीवर, आणि ती चाल मला पाठ आहे.

असे विद्यार्थी जाहिरातीने फारसे मिळत नाहीत. इंग्रजी येत नाही हे चारचौघांत कोण सांगणार? ते येतात कुणीतरी कानात सांगितले म्हणून. चाकणच्या एका कारखान्यातले सुपरवायझर असेच आले. परदेशी पाहुणे आले की हे गृहस्थ हाताखालच्या पोराला पुढे करीत, आणि त्यांची बढती तिथेच अडली होती.

आमचा तास ४५ मिनिटांचा. पाच मिनिटे गप्पा, मग वाक्याचा एकच साचा. ते विचारीत, "व्हाय यू स्टॉप्ड द मशीन?" मराठीत प्रश्न विचारताना शब्दांना जागा सोडावी लागत नाही. इंग्रजीत 'डिड' पुढे येतो आणि भूतकाळही आपल्याच अंगावर घेतो. मागे नुसते 'स्टॉप' उरते. "व्हाय डिड यू स्टॉप द मशीन?" मग वीस मिनिटे ते पाहुणे आणि मी सुपरवायझर, नंतर उलट. मधेच मी टोकत नाही. टोकले की मोठा माणूस मिटतो. चुका वहीत टिपायच्या आणि शेवटी त्यांतल्या तीनच सांगायच्या.

खरा प्रश्न दांड्यांचा. आठ तासांचे चार हजार रुपये मी आगाऊ घेतो. आदल्या दिवशी कळवले तर तास त्याच महिन्यात पुढे ढकलतो. त्यानंतर कळवले तर तो झाला असे धरतो. आमच्या सुपरवायझरांनी एका महिन्यात दोन तास वेळेवर कळवून पुढे ढकलले. तिसऱ्याला वीस मिनिटे उरली असताना निरोप आला, "सर, आज काम आहे." तो तास मी धरला, त्यांनीही कुरकूर केली नाही. पैसे बुडूनही माणूस कुरकुरत नाही, तेव्हा कारण काम नसते. वही चाळली. आधीच्या तासाला फोनवरचे संभाषण दिले होते, ते त्यांना जमले नव्हते, आणि तोच पाठ घरी करायचा होता.

मी कळवले, "उद्या फक्त पंधरा मिनिटे, गृहपाठ नको, पैसे नकोत." ते आले. एकच वाक्य घोटले, "कुड यू से दॅट अगेन, प्लीज?" समोरचा काय म्हणाला ते कळले नाही, तर गप्प न बसता पुन्हा विचारायचे, एवढेच. पुढच्या पाहणीत ते स्वतः पुढे झाले आणि हे वाक्य त्यांनी चार वेळा वापरले. बढतीचे अजून ठरायचे आहे.

पैशाचा नियम कामाच्या दांडीला पुरतो. लाजेच्या दांडीला तास लहान करावा लागतो.