माहिती अधिकाराचा अर्ज : आप्पांचा कच्चा मसुदा

सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीचं अनुदान शेजारच्या आप्पांना आलं नाही. त्यांनी माहिती अधिकाराचा अर्ज लिहून मला तपासायला दिला. त्यात तीन वाक्यं होती: "माझं अनुदान का आलं नाही? दोषींवर कारवाई करा. दहा वर्षांची सगळी माहिती द्या."

आधी पत्ता बघितला. अर्ज तालुका कृषी कार्यालयाच्या नावे होता. पंचनाम्याला सहायक कृषी अधिकारी असतो हे खरं, पण गावोगावच्या याद्या जमतात तहसीलला. म्हणून वर लिहिलं, जन माहिती अधिकारी, तहसील कार्यालय. (चुकीच्या ठिकाणी गेलेला अर्ज पाच दिवसांत पुढे पाठवायचा असतो. पण त्या भरवशावर कोण बसणार?)

"का" खोडलं. या कायद्यात कागद मिळतो, खुलासा नाही. कागदावर कारण लिहिलेलं असेल तर ते आपसूक हाती येतं. कारवाईची मागणीही काढली, ती वेगळ्या तक्रारीत जाईल.

उरलं ते असं: "गट नं. ११२ च्या पंचनाम्याची प्रत. बाधितांच्या यादीतलं या गटाच्या नोंदीचं पान. यादीत नोंद नसल्यास, गट वगळल्याच्या नोंदीची प्रत."

आप्पा म्हणाले, "एवढंसंच?"

म्हटलं, "आप्पा, आपल्याकडच्या नियमात एकच विषय आन् दीडशे शब्द. पंचनाम्यात गट असून यादीत नसला, तर गळती कुठं झाली ते कळंल."

दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून अर्ज दिला, पोचेवर शिक्का घेतला. तीस दिवस तिथून मोजायचे.