पहिला पगार आणि बाबांचे श्रवणयंत्र

पहिल्या पगारातून आईला लुगडे आणि वडिलांना सदरा-धोतर घ्यावे, अशी आपल्याकडची रीत. सोबतच्या छायाचित्रात मात्र शहाडच्या घराच्या ओट्यावर बसलेल्या बाबांच्या अंगात जुनाच सदरा आहे. नीट पाहिले, तर त्यांच्या उजव्या कानामागे काजूच्या आकाराची एक करडी वस्तू दिसते. आम्हा दोघी बहिणींच्या पहिल्या पगाराची खरेदी तीच.

या शाळेच्या वसतिगृहातून बाहेर पडून पुढचे शिक्षण संपवल्यावर, २०१४ च्या जूनमध्ये आम्ही दोघी एकाच महिन्यात नोकरीला लागलो. भविष्य निर्वाह निधी आणि व्यवसाय कर वजा जाता दोघींचे मिळून २१,६०० रुपये हातात आले.

बाबांनी भिवंडीच्या यंत्रमागांवर बावीस वर्षे काढली. धोट्याच्या आघातांनी भरलेल्या शेडमध्ये शेजारच्या माणसाशीही हातवाऱ्यांनी बोलावे लागते. तिथून आलेले बहिरेपण एकदम कोसळत नाही. म्हणूनच ते ध्यानात येत नाही. माणसाला आवाज ऐकू येतो, पण शब्द उमगत नाहीत. बाजारात ‘साठ’ म्हटले की बाबा ‘आठ’ समजत. वसतिगृहातून आम्ही फोन केला, की ते दोनदा ‘हो, हो’ म्हणत आणि फोन आईकडे देत. लोक त्यांना तुसडे समजू लागले होते आणि बाबांनीही वस्तीतल्या बैठकांना जाणे सोडले होते.

पगाराच्या आठवड्यात शहाडहून लोकलने दादर गाठून आणि तिथे गाडी बदलून आम्ही त्यांना वांद्रे रेक्लमेशन येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत नेले. बंद खोलीत कानांवर हेडफोन चढवून त्यांना एकेक स्वर ऐकवण्यात आला. ऐकू आला की बटण दाबायचे. खर्जातले स्वर बाबांनी जवळजवळ सगळे ओळखले. पण ४,००० हर्ट्झच्या आसपास आलेखाची रेषा खोल दरीत उतरली. सततच्या गोंगाटाने कानाच्या आतील सूक्ष्म केसपेशी मरतात आणि त्यांचा पहिला घाव याच पट्टीत दिसतो. स, श, फ यांसारख्या व्यंजनांची ओळख पटवणारा आवाज मुख्यतः वरच्या पट्टीत असतो. मुलींचा पातळ आवाज फोनवर बाबांना का उमगत नसे, हे त्या कागदावर आम्हाला दिसले. या पेशी पुन्हा उगवत नाहीत. त्यामुळे औषधाचा उपयोग नव्हता. उरला तो यंत्राचा आधार.

खिशात ठेवायचे, वायरीचे यंत्र स्वस्त होते. पण आमच्यासमोर ठेवलेले तसले यंत्र सगळेच आवाज सारखे वाढवीत होते. बाबांना खर्ज वाढवून नको होता. म्हणून आलेखाप्रमाणे फक्त वरची पट्टी वाढवून देणारे, कानामागचे डिजिटल यंत्र घेतले. यंत्राचे १४,००० रुपये आणि कानाच्या मापाच्या साच्याचे ६००. दोन्ही कानांना यंत्र लावणे उत्तम, असे श्रवणतज्ज्ञ बाईंनी सांगितले होते. पण तेवढे पैसे नव्हते, म्हणून एकावर भागवले.

पहिल्याच दिवशी बाबांनी ते लावून शहाड स्थानकावर पाऊल ठेवले आणि गाडीच्या कर्कश भोंग्याने हैराण होऊन काढून टाकले. अनेक यंत्रे इथूनच डबीत जातात. वर्षानुवर्षे न ऐकलेले आवाज मेंदूला नव्याने ओळखावे लागतात. म्हणून पहिला आठवडा घरात, शांत वेळी, रोज दोन तास, मग ओट्यावर, मग बाजारात, असा क्रम ठरला. दीड महिन्याने ते दिवसभर यंत्र वापरू लागले. कानात शिट्टी वाजू लागली, तर साचा नीट बसलेला नाही किंवा मळ साचला आहे, हेही ते स्वतः ओळखू लागले. नारिंगी पट्टीची तेरा नंबरची बॅटरी दहा-बारा दिवस चाले. पट्टी सोलल्यावर मिनिटभर हवा लागू दिली, की ती पूर्ण शक्तीने काम करते. पावसाळ्यात यंत्र रात्री ओलावा शोषणाऱ्या पुडीसह डबीत ठेवावे लागे.

गर्दीत आणि लग्नमंडपात बाबांना आजही शब्द सुटतात. यंत्राने कान नवा होत नाही. पण समोर बसून कुणी बोलले, तर संभाषण पुरे होते.

“आणि आईला काय घेतले?” असे नातलगांनी विचारले, तेव्हा आम्हाआधी आईच बोलली, “बारा वर्षं ह्या घरात मी ओरडूनच बोलत होते. आता घसा बसत नाही.” पुढच्या महिन्यात आम्ही तिला लुगडे घ्यायला निघालो, तर तिने ते पैसे बाबांच्या डाव्या कानासाठी बाजूला ठेवायला लावले.