कटिंगचा ग्लास

माझ्या टेबलावर बीपीच्या यंत्राशेजारी टपरीवरचा कटिंगचा काचेचा ग्लास उपडा ठेवलेला असतो. पेशंटना वाटतं, डॉक्टर चहा पिऊन विसरले. राहुरी भागात ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की तो माझ्या बॅगेत जातो. कोप्यांमध्ये पेले सगळे स्टीलचे, आणि स्टीलमधून कातडी दिसत नाही.

एका जानेवारीत रात्री अकराला तोडणी कामगारांच्या तळावरून बोलावणं आलं. सहा वर्षांची मुलगी. दुपारपासून ताप, दोन उलट्या. आई म्हणाली, "डॉक्टरसाहेब, लेकराचे पाय लई दुखायलेत." पोट तव्यासारखं तापलेलं आणि तळवे मात्र बर्फ. बोटाचं नख दाबून सोडलं, तर रंग परत यायला पाच सेकंद लागले. दोनच्या आत यायला हवा. बॅटरीच्या उजेडात पोटावर पिसवा चावल्यासारखे तीन ठिपके दिसले. सावळ्या कातडीवर असे ठिपके सहज निसटतात, म्हणून मी तळपाय आणि खालची पापणी उलटून पाहिली. तिथेही होते. तळपायावर ग्लास दाबला. भोवतालची कातडी पांढरी पडली, ठिपका तसाच राहिला.

मेनिंगोकोकस हा जंतू कित्येकांच्या घशात निरुपद्रवी पडून असतो. क्वचित तो रक्तात उतरतो, आणि त्याच्या आवरणातलं विष बारीक रक्तवाहिन्यांना गळती लावतं. साध्या पुरळात रक्त वाहिनीच्या आतच असतं. दाबलं की बाजूला सरतं आणि लाली जाते. इथे ते वाहिनीबाहेर सांडलेलं असतं. ते कुठे सरणार? काच एवढंच सांगते. रोगाचं नाव ती सांगत नाही. डेंग्यूचे ठिपकेही काचेखाली पुसले जात नाहीत. पण ते बहुधा तापाच्या चौथ्या-पाचव्या दिवशी येतात. या मुलीचा ताप दहा तासांचा होता.

आणि काच फसवतेही. डॉक्टरकीच्या सुरुवातीला एका मुलाचं पुरळ संध्याकाळी सातला दाबल्यावर गेलं होतं. मी तापाचं औषध देऊन घरी पाठवलं. रात्री दोनला अंगावर जांभळे चट्टे घेऊन तो परत आला आणि सकाळपर्यंत गेला. सुरुवातीचं पुरळ दाबल्यावर जाऊ शकतं, हे मला माहीत नव्हतं. पुढे २००६ मध्ये ब्रिटनमधल्या मुलांवरचा एक अभ्यास वाचला. पाय दुखणं, हातपाय गार पडणं, कातडीचा रंग बिघडणं ही लक्षणं पुरळाच्या कित्येक तास आधी आलेली होती. त्या मुलाची आईसुद्धा पायांबद्दल काहीतरी बोलली होती.

नगर इथून पस्तीस-चाळीस किलोमीटर. १०८ ची गाडी येणार, तिथे कागद होणार, शीर सापडणार. पहिला डोस पडेपर्यंत दोन तास सहज जातात. तेवढ्या वेळात रक्तातले जंतू वाढत राहतात. म्हणून गाडीला फोन केला आणि ती येईपर्यंत सेफ्ट्रियाक्सोन काढलं. वजन अंदाजे १६ किलो, किलोला ८० मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे १३०० मिलिग्रॅम. दोन्ही हातांच्या शिरा बसलेल्या होत्या. दोन प्रयत्न झाले, तिसरा केला नाही. औषध दोन मांड्यांत वाटून दिलं. शॉकमध्ये मांसापर्यंत रक्त कमी पोहोचतं, त्यामुळे ते सावकाश शोषलं जातं, याची मला कल्पना होती. शीर मिळाली असती तर आधी कल्चरसाठी रक्त काढून मग तिथूनच दिलं असतं. गाडी आली तेव्हा मी सुई बाजूला ठेवली. इंजेक्शनसाठी गाडी थांबवायची नसते.

हॉस्पिटलआधी इंजेक्शन देण्यावर वाद आहेत. ब्रिटनमध्येच झालेल्या एका पाहणीत आधी इंजेक्शन मिळालेली मुलं जास्त दगावलेली दिसली. पण डॉक्टर सुई उचलतो ती जास्त आजारी मुलासाठीच, त्यामुळे त्या आकड्यावरून इंजेक्शनला दोषी ठरवता येत नाही, निर्दोषही नाही. जिथे हॉस्पिटल दहा मिनिटांवर आहे तिथे मी थेट पाठवीन. दुसरी तक्रार नेहमीची: आधी औषध दिलं की जंतू कल्चरमध्ये उगवत नाही. खरं आहे. म्हणून चिठ्ठीवर ठळक लिहिलं: सेफ्ट्रियाक्सोन, किती, कुठे, ११.४० ला.

कल्चरमध्ये पुढे काहीच उगवलं नाही. पाठीतल्या पाण्याच्या काचपट्टीवर मात्र जोडीजोडीने बसलेले जंतू दिसले, असा त्याच रात्री नगरहून फोन आला. तोवर पहाटेचे चार वाजले होते आणि तिच्या कोपीतली माणसं कोयते घेऊन फडाकडे निघाली होती. एकाच कोपीत आठ जण झोपत होते. मोठ्यांसाठी सिप्रोफ्लॉक्सॅसिनची ५०० ची एकेक गोळी आणि पोरांसाठी रिफॅम्पिसिन घेऊन मी बांधावर उभा राहिलो. मुकादम म्हणाला, "आमाला तर काईच झालं न्हाई." मी गोळ्या माझ्यासमोर गिळायला लावल्या.

तीन आठवड्यांनी मुलगी तळावर परतली. डाव्या पायाच्या दोन बोटांची टोकं काळी पडून गेली होती. ती लंगडत माझ्याजवळ आली आणि बॅगेतला ग्लास उचलून तिने स्वतःच्या तळहातावर दाबून पाहिला.