एकाच रंगाचे थर्मामीटर

“हे पाच जणांनी मिळून केलंय, हे लगेच कळतंय,” आमची लीड म्हणाली.

संध्याकाळचे सहा वाजले होते. दुसऱ्या दिवशी अकराला एका दूध संघासमोर प्रेझेंटेशन होतं. संकलन केंद्रांवरचं दूध, त्याचं वजन, फॅट आणि बल्क कूलरमधलं तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर आम्हाला त्यांना विकायचं होतं. सव्वीस स्लाइड्स पाच जणांनी वाटून घेतल्या होत्या आणि प्रत्येकाने आपापल्या आवडीच्या साइटवरून आयकॉन उचलले होते. कॅन काळा भरीव, टँकर बारीक रेषेतला निळा, वजनकाटा जाडजूड हिरवा.

“आयकॉन सारखे कर, एवढंच,” ती म्हणाली. मी इंजिनिअर माणूस. मला वाटलं, वीस मिनिटांचं काम आहे.

पहिल्यांदा मी तेच केलं जे कुणीही करेल. पॉवरपॉइंटमध्ये Ctrl धरून स्लाइडवरचे सगळे आयकॉन निवडले आणि Graphics Fill मधून निळा रंग दिला. भरीव आयकॉन छान निळे झाले. रेषांचे आयकॉन मात्र निळे ठोकळे होऊन बसले. टँकरची चाकं, खिडकी, सगळं एका डागात बुडालं.

कारण साधं आहे. रेषांच्या आयकॉनमध्ये आतली जागा मुद्दाम रिकामी ठेवलेली असते, रंग फक्त रेषेला असतो. आपण Fill म्हटलं की ती रिकामी जागा भरते. अशा आयकॉनला Graphics Outline मधून रंग द्यायचा. एसव्हीजी फाइल नोटपॅडमध्ये उघडली की आपला आयकॉन कुठल्या जातीचा आहे ते पहिल्याच ओळीत बहुतेक वेळा कळतं:

```
<svg viewBox="0 0 24 24" fill="none"
     stroke="#000000" stroke-width="2">
```

`fill="none"` दिसलं की रेषेचा आयकॉन. डेकमध्ये एकूण एकतीस आयकॉन होते, त्यातले चार भरीव. भरीव आयकॉनची रेषा करता येत नाही; ती माहिती त्या फाइलमध्ये नसतेच. ते चार मी काढून टाकले आणि त्याच अर्थाचे रेषेतले घेतले.

आता सगळे निळे झाले. सगळ्यांची रुंदी 1.2 सेंटिमीटर केली. तरीही लीडचं वाक्य खरंच होतं. काही आयकॉन ठसठशीत, काही फिकट, आणि फिकट दिसणाऱ्यांचा रंग तर अगदी तोच होता.

इथे मला वरच्या ओळीतले दोन आकडे नीट वाचावे लागले. `viewBox` मधला 24 म्हणजे आयकॉनचा कागद 24 एककांचा. `stroke-width` 2 म्हणजे रेषा त्यातल्या 2 एककांची, म्हणजे कागदाच्या बाराव्या हिश्श्याची. हा कागद स्लाइडवर 1.2 सेंटिमीटरचा केला की रेषा 1 मिलिमीटरची होते. आमच्यातल्या आठ आयकॉनचा कागद 48 चा होता आणि रेषा तीच, 2 ची. म्हणजे चोविसावा हिस्सा. तेवढ्याच जागेत त्यांची रेषा अर्धा मिलिमीटर. रंग तोच, पण शाई निम्मी, म्हणून फिकट.

उपाय फाइलमध्येच होता. 48 च्या आयकॉनमध्ये `stroke-width="4"` लिहिलं, फाइल सेव्ह केली आणि स्लाइडवर Change Graphic ने जुन्याच्या जागी नवी बसवली. आठपैकी सात जुळले. आठवा होता दूध तपासायच्या यंत्राचा, त्यात बटणं, नळ्या, छोटासा पडदा असं बरंच काही कोंबलेलं. रेषा जाड झाल्यावर दोन रेषांमधली जागाच उरली नाही. ज्यात बारकावे जास्त, तो आयकॉन जाड रेषा पेलत नाही. त्याच्याऐवजी मी साधी परीक्षानळी घेतली.

तरीही पाच आयकॉन बाकीच्यांपेक्षा मोठे दिसत होते. मापं पुन्हा तपासली. 1.2 सेंटिमीटरच. मग लक्षात आलं की त्यांच्या कागदाला समासच नव्हता. 24 च्या आयकॉनमध्ये चित्राभोवती साधारण 2 एककं मोकळी सोडलेली असतात. हे पाच कडेपासून कडेपर्यंत काढलेले होते, कागद 20 चा. हाताने ओढून लहान केले असते तर पुढच्या माणसाने रुंदी 1.2 केल्यावर ते पुन्हा फुगले असते. म्हणून समास फाइलमध्येच घातला:

```
आधी:  viewBox="0 0 20 20"
नंतर: viewBox="-2 -2 24 24"
```

कागद चारही बाजूंनी 2 एककं वाढला, चित्र तिथेच राहिलं. आणि गंमत म्हणजे रेषेचं प्रमाणही दहाव्या हिश्श्यावरून बाराव्यावर आलं. एका बदलात दोन्ही दुखणी गेली.

शेवटी एकतीसच्या एकतीस आयकॉन एका कोऱ्या स्लाइडवर ओळीत मांडले आणि झूम 40 टक्क्यांवर आणला. एवढं लहान केल्यावर चित्र काय आहे ते कळत नाही, फक्त कोण जास्त काळं आणि कोण मोठं तेवढं दिसतं. कुणीच उठून दिसत नव्हतं. रंगही मी आता थीमच्या Accent 1 मधूनच दिला होता, म्हणजे उद्या निळा बदलायचा ठरला तर एका जागी बदलला की झालं. रात्री पावणेबाराला मी समाधानाने घरी गेलो.

सकाळी एकोणिसाव्या स्लाइडपर्यंत सगळं सुरळीत होतं. त्या स्लाइडवर सहा बल्क कूलर आणि प्रत्येकाशेजारी एक थर्मामीटर. दूध 4 अंशांच्या आसपास ठेवायचं असतं. जिथे तापमान चढतं तिथे आमचं सॉफ्टवेअर लगेच सांगतं, हाच आमच्या बोलण्याचा मुख्य मुद्दा. समोर प्लांटवर उभी हयात घालवलेले एक काका बसले होते. त्यांनी विचारलं, “म्हणजे सहाही कूलर व्यवस्थित चाललेत?”

मूळ स्लाइडमध्ये दोन थर्मामीटर लाल होते. ते मीच रात्री निळे केले होते. एकतीसमधले दोन, बाकीच्यांसारखे.

मी सांगितलं की चूक माझी आहे, तिसरा आणि पाचवा लाल हवे होते. काका हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांनी हातातली प्रिंट माझ्यासमोर धरली. ब्लॅक अँड व्हाइट. “लाल असते तरी मला कुठून दिसलं असतं? आकडा लिहा ना बाबा. सात अंश म्हटलं की मी लगेच गाडी पाठवतो.”

काम आम्हाला मिळालं की नाही, ते अजून ठरायचंय. पण त्याच दुपारी ती स्लाइड बदलली. ते दोन थर्मामीटर पुन्हा लाल केले, थीममधल्याच लालने. रेषा तीच, माप तेच. आणि सहाही थर्मामीटरखाली तापमानाचा आकडा.

आता कुणी डेक देऊन “आयकॉन सारखे कर” म्हटलं, तर मी आधी एक प्रश्न विचारतो: यातला कुठला वेगळेपणा मुद्दाम ठेवलाय? त्याचं उत्तर मिळेपर्यंत मी Ctrl दाबून काहीच निवडत नाही.