शिफारसपत्र मागताना

पेढीवर वाढलेल्या मुलाला शिफारसपत्र ही वस्तू प्रथम विचित्रच वाटते. बाजारात ‘अमक्यांचा मुलगा’ एवढे सांगितले की माल उधारीवर मिळतो. नोकरीच्या अर्जातील रकान्यात मात्र स्पष्ट लिहिलेले असते : दोन संदर्भ द्यावेत, ते नातेवाईक नसावेत आणि त्यांनी उमेदवाराचे काम प्रत्यक्ष पाहिलेले असावे.

धान्याच्या घाऊक व्यापारी कुटुंबातील एका तरुणापुढे हाच रकाना उभा राहिला. एका कंपनीत उधारी वसुलीच्या विभागात जागा निघाली होती. एम.कॉम. झाल्यावर त्याने दोन वर्षे चार महिने एका पतसंस्थेत लिपिक म्हणून काम केले होते आणि नंतरची तीन वर्षे काकांच्या पेढीवर. घरच्यांनी मामांचे नाव सुचवले. आडनाव वेगळे, कोणाला कळणार? कळते. पडताळणीच्या फोनवर ‘यांना किती वर्षांपासून ओळखता?’ या प्रश्नाला ‘जन्मापासून’ असे उत्तर आले की सगळाच अर्ज संशयित ठरतो.

त्याच्याजवळ पतसंस्थेचा अनुभवाचा दाखला होताच. परंतु अशा दाखल्यात रुजू झाल्याची तारीख, पद आणि कार्यमुक्तीची तारीख यापलीकडे फारसे काही नसते. माणूस काम कसा करतो, हे त्याच्या शेजारी बसलेलाच सांगू शकतो. म्हणून त्याने आपल्या जुन्या शाखाव्यवस्थापकांना फोन केला. ते आता निवृत्त झाले होते. ‘पत्र द्याल का?’ असे न विचारता त्याने विचारले, “साहेब, माझ्या कामाविषयी मनापासून चार ओळी लिहिता येतील एवढे आपल्या स्मरणात आहे का? नसेल तर निःसंकोच सांगा.” या प्रश्नात नकाराला वाट ठेवलेली आहे, हे महत्त्वाचे. भिडेखातर दिलेले पत्र कोमट असते, आणि वाचणाऱ्याला तो कोमटपणा पहिल्याच परिच्छेदात जाणवतो.

साहेब म्हणाले, “तूच लिहून आण, मी सही करतो.” असे बहुतेक जण म्हणतात, त्यात प्रेम असते, थोडा कंटाळाही असतो. पण उमेदवाराच्या लेखणीतून उतरलेले पत्र त्याच्या अर्जाच्याच भाषेत बोलते आणि दोन्ही कागद शेजारी ठेवताच ते उघड होते. तरुणाने मसुदा नेला नाही, एका पानाचे टिपण नेले. सोबत जाहिरातीची प्रत, आपला जीवनपट आणि पत्र पोचण्याची शेवटची तारीख. हाती तीन आठवडे होते. टिपणात स्तुतीचा शब्द नव्हता. नोकरीच्या तारखा होत्या, दाखल्याशी तंतोतंत जुळणाऱ्या. आणि एक प्रसंग होता. पिग्मी एजंटच्या पावतीपुस्तकांचा मेळ खातेवहीशी बसेना, बारा हजार चारशे रुपयांचा फरक निघत होता. त्याने तीन संध्याकाळी बसून पावती न् पावती ताडली. दोन पावत्या सारख्याच नावाच्या दुसऱ्या खातेदाराकडे जमा झाल्या होत्या. एजंटवर आळ येता येता राहिला.

साहेब हा प्रसंग विसरले होते. टिपण वाचताच आठवला, आणि मग पत्र त्यांनी स्वतःच लिहिले. कोऱ्या कागदावर लिहिले. निवृत्तीनंतर संस्थेच्या नाममुद्रित कागदावर लिहिण्याचा अधिकार उरत नाही. सहीखाली ‘तत्कालीन शाखाव्यवस्थापक’ आणि दूरध्वनी क्रमांक. खातेदारांची नावे अर्थातच नाहीत. ती गोपनीयता निवृत्तीने संपत नाही. एक वाक्य असेही होते की, मोठ्या कर्जप्रकरणांचा अनुभव त्याला मिळालेला नाही. तरुणाला ते खटकले. वास्तविक त्या एका उणिवेमुळेच बाकीच्या पत्रावर विश्वास बसतो.

दुसरा संदर्भ महाविद्यालयीन प्राध्यापकांचा. शंभराहून अधिक विद्यार्थ्यांच्या वर्गातला हा चेहरा त्यांना आठवेना आणि त्यांनी तसे सांगितले. तरुणाने बाजारपेठेतील उधारीवर केलेला आपला एम.कॉम.चा प्रकल्प, त्यांच्या हातच्या शेऱ्यांसह, त्यांच्याकडे पाठवला. प्राध्यापकांनी फक्त त्या प्रकल्पाविषयी लिहिले. ते आखूड होते, पण खरे होते.

पत्रे गेल्यावर अकराव्या दिवशी कंपनीतून साहेबांना फोन आला. फरकाचा प्रसंग खोदून विचारला गेला. टिपण जवळ ठेवलेले असल्याने त्यांना अडखळावे लागले नाही. मग शेवटचा प्रश्न आला : या मुलाला पुन्हा आपल्या हाताखाली घ्याल का?

“घेईन,” साहेब म्हणाले, “पण रोखीच्या खिडकीवर नाही बसवणार. एकेक बंडल तीनतीनदा मोजतो, आणि बाहेर रांग लागते.”

पलीकडचे अधिकारी हसले आणि म्हणाले की, त्यांच्याकडे रोखीचे काम नाहीच.