ओटीवरची ओळख आणि दोनशे अक्षरं

मागे एका रविवारी भाची आली होती, बोईसरहून. हातात डबा, खांद्याला लॅपटॉप. डबा बहिणीसाठी होता आणि लॅपटॉप माझ्यासाठी. "मामा, एक इंग्रजी पत्र बघून दे. चारच ओळींचं आहे," म्हणाली. मला वाटलं पाच मिनिटांचं काम. दुपारचा चहा झाला, संध्याकाळचा झाला, तरी आम्ही त्या चार ओळींवरच!

प्रकरण असं. आमचे जावई जूनमध्ये आयर्लंडला, कॉर्कला चाललेत नोकरीसाठी. त्यांचा परवाना ज्या प्रकारचा आहे त्यात बायकोलाही तिथे नोकरी करता येते, 2019 पासून वेगळं वर्क परमिट लागत नाही. कॉर्कच्या बंदरालगत रिंगास्किडी म्हणून भाग आहे, तिथे औषध कंपन्या ओळीने उभ्या आहेत. आणि आमची भाची गेली नऊ वर्षं तारापूर एमआयडीसीत एका औषध कंपनीच्या क्यूसी लॅबमध्ये. म्हणजे योग जुळून आल्यासारखा. पण तिच्या मनात एकच किडा वळवळत होता. तिथे ही नऊ वर्षं मोजतात, की पुन्हा ट्रेनीपासून सुरुवात? हे सांगू शकेल असं माणूस ना माहीमात, ना पालघरात.

शेवटी लिंक्डइनवर तिला एक बाई सापडल्या. मूळच्या तमिळ, आधी अंकलेश्वरला लॅबमध्ये होत्या, आता कॉर्कला. तिकडच्या पहिल्या वर्षाबद्दल त्यांनी एक छोटा लेखही लिहिला होता. हिने मोबाइलवर उत्साहाने Connect दाबलं आणि संपलं! विनंती गेली, पण कोरी, एका अक्षराशिवाय. संगणकावर Connect दाबलं की Add a note असं विचारतात. मोबाइलवर बहुतेक वेळा ते थेट जातं, चिठ्ठी जोडायची तर आधी More मध्ये शिरावं लागतं. हिने घाबरून Withdraw केलं. समोरच्याला ते कळवलं जात नाही हे खरं, पण मग त्याच माणसाला पुन्हा विनंती पाठवायला तीन आठवड्यांपर्यंत थांबावं लागतं. ते तीन आठवडे नुकतेच संपले होते. म्हणून मामा!

तिचा पहिला मसुदा वाचला आणि मला आमच्या कंपनीतले अर्ज आठवले. 'आदरणीय महोदया', मग शिक्षण, मग नऊ वर्षांचा अनुभव, मग 'कृपया आपल्या कंपनीत माझी शिफारस करावी'. तोही अर्ध्यातच तुटलेला, कारण फुकटच्या खात्यात 200 अक्षरंच मावतात (पैसे भरणाऱ्यांना 300), आणि त्यात मोकळ्या जागाही धरतात. अशा चिठ्ठ्या महिन्याला मोजक्याच पाठवता येतात, त्यामुळे उधळपट्टीही परवडणारी नाही.

मी म्हटलं, "अगं, शिफारस म्हणजे काय मागतेस ठाऊक आहे? त्या बाईंनी आपलं नाव तुझ्यासाठी पणाला लावायचं. तुला त्यांनी पाहिलेलंही नाही. नकार देणं त्यांना जड जाणार, मग त्या उत्तरच देणार नाहीत."

दुसरा मसुदा गोड होता. 'तुमचा प्रवास फार प्रेरणादायी वाटला.' हे वाक्य कुणालाही पाठवता येतं, म्हणून ते कुणालाच लागू होत नाही. वाचणाऱ्याला लगेच कळतं की पुढे काहीतरी मागणं येतंय.

मग मी तिला आमच्या माहीमची गोष्ट सांगितली. लहानपणी वडील मला कुणाच्या पानवाडीत निरोप द्यायला पाठवायचे. आत घुसायचं नाही, बाहेरून हाक मारायची. आतून आवाज यायचा, "कोणाचा रे तू?" मग आपण अमक्याचा, अमक्या आळीतला, आणि वडिलांनी पाठवलंय एवढंच सांगायचं. पुढे ओटीवर बोलावलं तर बसायचं आणि मग कामाचं बोलायचं. चिठ्ठीचं कामही इतकंच आहे, कोणाची तू आणि हाक का मारलीस. कामाचं बोलणं ओटीवर बसल्यावर.

मग मी ऐटीत तिसरा मसुदा लिहून दिला, शेवटी 'तुमचं पुढचं लिखाण वाचायला आवडेल'. भाचीने वाचलं आणि म्हणाली, "मामा, हे खोटं आहे. नुसतं वाचायचं तर Follow आहे ना, त्याला परवानगीसुद्धा लागत नाही. मला ओळख हवी आहे." निरुत्तर! आम्ही ते काढलं. मग मी 'उत्तर दिलंच पाहिजे असं नाही' घालायला निघालो, तेही तिने खोडलं. उत्तराची आठवण करून देणं हाही एक तगादाच की.

शेवटी पाठवलं ते इंग्रजीत होतं, त्याचा मराठी अर्थ असा:

'नमस्कार (पहिलं नाव). मी मुंबईजवळ तारापूरला औषध कंपनीच्या क्यूसी लॅबमध्ये आहे. अंकलेश्वरहून कॉर्कला गेल्यानंतरच्या पहिल्या वर्षाबद्दल तुम्ही लिहिलेलं वाचलं. मी जूनमध्ये तिकडे येतेय. ओळख झाली तर आवडेल.'

खाली तिचं नाव. तारापूर म्हटल्यावर बाहेरच्यांना अणुवीज केंद्र आठवतं किंवा काहीच आठवत नाही, म्हणून 'मुंबईजवळ'. 'महोदया' गेलं, कारण तिकडे पहिल्या नावानेच हाक मारतात. अंकलेश्वर ठेवलं, कारण लेख खरंच वाचल्याचा तेवढाच पुरावा, आणि एमआयडीसी काय नि जीआयडीसी काय, लॅबचं जग एकच. मुख्य म्हणजे चिठ्ठीत प्रश्नचिन्ह नाही. त्या बाईंनी एक बटण दाबलं की त्यांच्याकडून सगळं पूर्ण, काही देणं उरत नाही. बटण नाही दाबलं तरी कुणाचा अपमान नाही.

असाच आणखी दोघांना लिहिलं, प्रत्येकाला त्यांच्या त्यांच्या धाग्याने. एकाने स्वीकारलं आणि गप्प. दुसरी विनंती अजून लोंबकळते आहे, सहा महिन्यांत आपोआप गळून जाईल. भाची त्यांना पुन्हा टोचणार नाही, हे आमचं ठरलंय.

आणि त्या बाई? आठ दिवसांनी आल्या ओटीवर! भाचीने आभार मानले आणि एकच प्रश्न विचारला, तोच नऊ वर्षांचा. दुसऱ्या दिवशी तीन ओळींचं उत्तर आलं. अनुभव मोजतात, पण 'क्यूसी ॲनालिस्ट, नऊ वर्षं' एवढं लिहून नाही. कोणती उपकरणं स्वतः चालवलीस, कोणत्या ऑडिटच्या वेळी लॅबमध्ये होतीस, ते लिही, असं त्यांनी सांगितलं. शिफारशीचा विषय ना हिने काढला, ना त्यांनी.

काल रात्री भाचीचा फोन होता. बायोडेटा नव्याने लिहायला बसली आहे. एचपीएलसीवर किती वर्षं, डिझोल्यूशनवर किती, ऑडिट किती, सगळं आठवून आठवून मोजतेय. म्हणाली, "मामा, एवढं सगळं केलं होतं मी, माझंच मला माहीत नव्हतं."

मी म्हटलं, बरं झालं. आता बायोडेटाही बघायला आण, डब्यासकट.

असो. बहिणीला सांगू नका, डब्यातल्या करंज्या मीच संपवल्या.